ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंत : दहा पायऱ्यांची यादी

ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू तयार होण्याचा मार्ग. तो पेशीद्रवात घडतो, त्याला ऑक्सिजन लागत नाही, आणि यीस्टपासून माणसापर्यंत असंख्य सजीवांत तो जवळपास एकाच क्रमाने चालतो. या मार्गावर दहा रासायनिक क्रिया एकामागून एक होतात. प्रत्येक क्रिया एक ठरावीक एन्झाइम घडवून आणते आणि एका क्रियेतून निघालेला पदार्थ पुढच्या क्रियेचा कच्चा माल ठरतो.

पाठ्यपुस्तकांत हा मार्ग चित्ररूपाने दिलेला असतो. वरून खाली उतरणारे बाण, शेजारी रेणूंच्या रचना आणि बाजूला आत-बाहेर वळणाऱ्या छोट्या कमानी. चित्रातून क्रम कळतो. पण किती ऊर्जा खर्च झाली, किती मिळाली, कोणती क्रिया उलट फिरू शकते आणि पेशी या मार्गाचा वेग नेमका कुठे आवरते, हे चित्रातून सहज हाती लागत नाही. त्यासाठी तोच मार्ग यादीच्या रूपात उतरवावा लागतो. यादीत प्रत्येक पायरीसाठी चार गोष्टी लिहायच्या : एन्झाइम, आत जाणारे पदार्थ, बाहेर पडणारे पदार्थ आणि नियंत्रण. पहिल्या तीन रकान्यांचा ताळा करता येतो, त्यामुळे त्यांतली चूक लपत नाही. चौथा रकाना भरण्यासाठी मात्र पेशीबद्दल आणखी काही माहीत असावे लागते.

यादी कशी सापडली

ही यादी एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रस साखर आंबवतो, हे दाखवले. त्या कामासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी जिवंत नसतानाही आंबवण्याची क्रिया होते म्हटल्यावर तिच्या पायऱ्या काचेच्या भांड्यात सुट्या करून पाहणे शक्य झाले.

पुढे आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांच्या लक्षात आले की, असा रस काही वेळाने मंदावतो आणि त्यात अकार्बनी फॉस्फेट घातले की पुन्हा जोर धरतो. घातलेले फॉस्फेट मात्र हळूहळू नाहीसे होते, कारण ते साखरेच्या रेणूला जोडले जाते. म्हणजे ‘आत जाणारे पदार्थ’ या रकान्यात ग्लुकोजखेरीज फॉस्फेटही लिहायला हवे, हे तेव्हा कळले.

उरलेल्या पायऱ्या शोधताना एक युक्ती फार उपयोगी पडली. मार्गातले एखादे एन्झाइम विषारी द्रव्याने बंद पाडायचे आणि त्याच्या अलीकडे कोणता पदार्थ साचतो ते पाहायचे. आयोडोअ‍ॅसिटेटने एक पायरी अडते, फ्लोराइडने दुसरी, आणि दोन्ही वेळा साचणारे पदार्थ वेगळे असतात. साचलेल्या पदार्थांवरून क्रम लावत १९४० च्या सुमारास यादी पूर्ण झाली. गुस्ताव एम्बडेन, ओटो मायरहोफ आणि याकोब पार्नास यांच्या नावांनीही हा मार्ग ओळखला जातो.

यादी

खालच्या यादीत एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा वाहून नेणारा रेणू. त्याचा एक फॉस्फेट गट गेला की एडीपी उरतो. एनएडी⁺ हा इलेक्ट्रॉन स्वीकारणारा रेणू असून इलेक्ट्रॉन घेतल्यावर त्याचा एनएडीएच होतो. वाचन सोपे जावे म्हणून हायड्रोजन आयन यादीत घेतलेले नाहीत.

१. हेक्सोकायनेज. आत : ग्लुकोज, एटीपी. बाहेर : ग्लुकोज-६-फॉस्फेट, एडीपी. एकदिशा. नियंत्रण आहे.

२. फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज. आत : ग्लुकोज-६-फॉस्फेट. बाहेर : फ्रुक्टोज-६-फॉस्फेट. दुहेरी.

३. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१. आत : फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, एटीपी. बाहेर : फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट, एडीपी. एकदिशा. मुख्य नियंत्रण इथे.

४. अल्डोलेज. आत : फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट. बाहेर : डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन फॉस्फेट आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट. दुहेरी.

५. ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज. आत : डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन फॉस्फेट. बाहेर : ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट. दुहेरी.

इथून पुढची प्रत्येक पायरी एका ग्लुकोजमागे दोनदा होते.

६. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. आत : ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट, एनएडी⁺, अकार्बनी फॉस्फेट. बाहेर : १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट, एनएडीएच. दुहेरी.

७. फॉस्फोग्लिसरेट कायनेज. आत : १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट, एडीपी. बाहेर : ३-फॉस्फोग्लिसरेट, एटीपी. दुहेरी.

८. फॉस्फोग्लिसरेट म्यूटेज. आत : ३-फॉस्फोग्लिसरेट. बाहेर : २-फॉस्फोग्लिसरेट. दुहेरी.

९. इनोलेज. आत : २-फॉस्फोग्लिसरेट. बाहेर : फॉस्फोइनॉलपायरुव्हेट, पाणी. दुहेरी.

१०. पायरुव्हेट कायनेज. आत : फॉस्फोइनॉलपायरुव्हेट, एडीपी. बाहेर : पायरुव्हेट, एटीपी. एकदिशा. नियंत्रण आहे.

ताळा

यादी लिहून झाली की सर्वांत आधी कार्बन मोजावेत. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात आणि तिसऱ्या पायरीपर्यंत ते सहाच राहतात. चौथ्या पायरीवर त्यांचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. पाचवी पायरी त्यांतल्या एका तुकड्याला दुसऱ्याचे रूप देते, म्हणून पुढे दोन्ही तुकडे एकाच वाटेने जातात. शेवटी तीन कार्बनांचे दोन पायरुव्हेट, म्हणजे पुन्हा सहा. मध्ये कुठेही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. कोणी तो या दहा पायऱ्यांत लिहिला असेल, तर त्याने पुढच्या मार्गातली पायरी चुकून इथे आणली, असे समजावे.

दुसरा ताळा फॉस्फेटचा. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर एटीपीकडून एकेक फॉस्फेट गट येतो, म्हणून फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटवर दोन गट असतात. तुकडे झाल्यावर प्रत्येकावर एकेक. सहाव्या पायरीवर प्रत्येक तुकडा आणखी एक गट घेतो, पण या वेळी तो एटीपीकडून येत नाही, पेशीद्रवातल्या मोकळ्या फॉस्फेटमधून येतो. मग सातव्या आणि दहाव्या पायरीवर प्रत्येक तुकडा आपला एकेक गट एडीपीला देऊन टाकतो. पायरुव्हेटवर एकही फॉस्फेट उरत नाही. गुंतवलेल्या दोन एटीपींच्या बदल्यात चार एटीपी कसे मिळतात, याचे उत्तर सहाव्या पायरीत आहे. वरचे दोन फॉस्फेट गट तिथे आत आले.

विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत होते ती दुपटीची. सहाव्या पायरीपासून सारे आकडे दुप्पट करायचे राहून गेले की एटीपीचा खर्च दोन आणि उत्पन्नही दोन दिसते. ग्लुकोज जाळूनही पेशीच्या पदरी काहीच पडत नाही, असा निष्कर्ष निघतो. असे शून्य हाती आले तर चूक दुपटीत झाली आहे, हे लगेच ओळखता येते. बरोबर हिशेब असा : चार एटीपी मिळाले, दोन खर्च झाले, दोन उरले. सगळ्या पायऱ्यांची बेरीज करून दोन्ही बाजूंचे समान पदार्थ काढून टाकले की हे समीकरण उरते :

ग्लुकोज + २ एनएडी⁺ + २ एडीपी + २ फॉस्फेट → २ पायरुव्हेट + २ एनएडीएच + २ एटीपी + २ पाणी

या समीकरणात एक अडचण दडलेली आहे. एनएडी⁺ हा पेशीत अगदी थोड्या प्रमाणात असतो. दर ग्लुकोजमागे दोन एनएडी⁺ खर्च होत गेले आणि परत मिळाले नाहीत, तर सहावी पायरी पाहता पाहता ठप्प होईल. म्हणून यादी दहाव्या पायरीवर संपली तरी एनएडीएचचे पुढे काय होते, ते खाली टीप म्हणून लिहावे लागते. ऑक्सिजन आणि मायटोकॉन्ड्रिया असतील तर एनएडीएचमधले इलेक्ट्रॉन तिकडे पोचवले जातात. जोरात पळणाऱ्या माणसाच्या स्नायूत, किंवा मायटोकॉन्ड्रियाच नसलेल्या लाल रक्तपेशीत, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम ते इलेक्ट्रॉन पायरुव्हेटला देऊन लॅक्टेट बनवते. यीस्ट त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉल तयार करते. तिन्ही वाटांनी एनएडी⁺ मोकळा होतो आणि सहावी पायरी चालू राहते.

नियंत्रणाचा रकाना

दहा पायऱ्यांपैकी तीनच पायऱ्यांसमोर नियंत्रण लिहिले आहे. ही निवड पाठांतराने करण्याची गरज नाही. तिचे कारण ऊर्जेत आहे.

ज्या क्रियेत पदार्थ दोन्ही दिशांना सारख्याच सहजतेने जा-ये करतात, तिच्यातले एन्झाइम कमी-जास्त करून प्रवाहावर फारसा परिणाम होत नाही. जी क्रिया उतारावरून खाली यावी तशी एकाच दिशेने जाते, तिथे मात्र एन्झाइमचा वेग हाच प्रवाहाचा वेग ठरतो. लाल रक्तपेशीतल्या प्रत्यक्ष प्रमाणांवरून मोजले तर पहिल्या पायरीत मुक्त ऊर्जा दर मोलमागे सुमारे ३३ किलोज्यूलने घटते, तिसऱ्या पायरीत सुमारे २२ ने आणि दहाव्या पायरीत सुमारे १७ ने. बाकीच्या सात पायऱ्यांचे आकडे शून्याच्या आसपास राहतात.

इथे पुस्तकातला आकडा आणि पेशीतला आकडा यांची गल्लत होऊ देता कामा नये. प्रमाणित परिस्थितीत चौथ्या पायरीचा, म्हणजे अल्डोलेजच्या क्रियेचा, आकडा अधिक २४ किलोज्यूलच्या आसपास येतो. तेवढा एकच आकडा पाहिला तर ही क्रिया पुढे जाणारच नाही असे वाटेल. पेशीत मात्र तयार झालेले तुकडे पुढच्या पायऱ्या लगेच उचलतात. त्यामुळे तिचा प्रत्यक्ष आकडा शून्याजवळ येतो आणि क्रिया विनासायास पुढे सरकते. नियंत्रणाचा रकाना प्रमाणित आकड्यांवरून भरला तर तो चुकण्याची शक्यता असते.

या निवडीचा आणखी एक पडताळा आहे. उपाशीपोटी यकृत पायरुव्हेटपासून पुन्हा ग्लुकोज बनवते. त्या उलट्या प्रवासात सात पायऱ्यांची एन्झाइमे तीच वापरली जातात. पहिली, तिसरी आणि दहावी या तीन ठिकाणी मात्र यकृताला वेगळी एन्झाइमे वापरून वळसा घालावा लागतो. नियंत्रण असलेल्या पायऱ्याही नेमक्या याच तीन.

तिसरी पायरी

तिन्हींमध्ये मुख्य पायरी तिसरी. पहिल्या पायरीवर तयार होणारे ग्लुकोज-६-फॉस्फेट ग्लायकोजन साठवण्याकडे किंवा पेंटोज फॉस्फेट मार्गाकडेही वळू शकते. त्यामुळे पहिली पायरी ओलांडली म्हणजे ग्लुकोज ग्लायकोलिसिसमध्येच जाणार, असे म्हणता येत नाही. तिसरी पायरी ओलांडली की ते ठरते.

फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ ला एटीपी कच्चा माल म्हणून लागतो, आणि तोच एटीपी भरपूर असला की या एन्झाइमला आवरतोही. एन्झाइमवर एटीपीसाठी दोन वेगळ्या जागा आहेत. एक क्रियेची, दुसरी नियंत्रणाची. पेशीत ऊर्जा मुबलक असेल तर नियंत्रणाच्या जागेवर एटीपी बसतो आणि वेग मंदावतो. सायट्रेटचाही असाच परिणाम होतो, कारण सायट्रेट साचणे हे पुढच्या मार्गाला पुरेसा माल मिळत असल्याचे लक्षण असते. आम्लता वाढली तरी हे एन्झाइम थंडावते.

वेग वाढवण्याचे काम एएमपी हा रेणू करतो. इशारा म्हणून एएमपी इतका परिणामकारक का, ते आकड्यांवरून समजते. एखाद्या पेशीत एटीपी ५ मिलिमोल, एडीपी १ मिलिमोल आणि एएमपी ०.१ मिलिमोल आहे, असे धरू. काम वाढले आणि एटीपी दहा टक्क्यांनी घटून ४.५ वर आला. पेशीतले एक एन्झाइम दोन एडीपी घेऊन त्यांचा एक एटीपी आणि एक एएमपी करत असते. त्यामुळे एडीपी १ च्या आसपासच राहतो आणि घट जवळजवळ सगळी एएमपीच्या खात्यात जमा होते : ०.१ वरून ०.६. एटीपी एक दशांशाने कमी झाला, पण एएमपी सहापट वाढला. पेशीला टंचाईची चाहूल लागते ती या सहापट वाढीमुळे.

यकृतात याच पायरीवर शरीराचाही हुकूम चालतो. १९८० मध्ये सापडलेले फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट हे या एन्झाइमचे जबरदस्त प्रवर्तक आहे. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की यकृतात त्याचे प्रमाण वाढते आणि ग्लुकोज खाली वाहू लागते. उपाशी असताना ग्लुकागॉनमुळे ते घटते, तिसरी पायरी मंदावते आणि यकृत ग्लुकोज जाळण्याऐवजी बनवण्याकडे वळते. यादीत हे नाव लिहिताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. तिसऱ्या पायरीतून बाहेर पडणारे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट हा वेगळा पदार्थ आहे. फरक एका आकड्याचा असला तरी एक मार्गातला माल आहे आणि दुसरा फक्त इशारा. दुसरा पदार्थ आत-बाहेरच्या रकान्यात कधीही येत नाही.

पहिली आणि दहावी पायरी

हेक्सोकायनेजला स्वतःच तयार केलेला माल आवरतो. पुढच्या पायऱ्या मंदावल्या की ग्लुकोज-६-फॉस्फेट साचते आणि पहिली पायरी आपोआप थांबते. पण हा नियम स्नायू, मेंदू आणि लाल रक्तपेशी यांच्यापुरता आहे. यकृतात हेच काम ग्लुकोकायनेज नावाचे भावंड एन्झाइम करते आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट त्याला तसे आवरत नाही.

दोघांची भूकही वेगळी. हेक्सोकायनेज ग्लुकोजचे प्रमाण ०.१ मिलिमोलच्या आसपास असतानाच निम्म्या वेगाला पोचते, तर ग्लुकोकायनेजला त्यासाठी ८ मिलिमोलच्या आसपास ग्लुकोज लागते. उपाशीपोटी रक्तात साधारण ५ मिलिमोल, म्हणजे दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. म्हणून मेंदूला आपला वाटा कायम मिळतो आणि यकृत मुख्यतः जेवणानंतर रक्तातली साखर वाढल्यावर हात पुढे करते. ‘पहिली पायरी : हेक्सोकायनेज’ एवढेच लिहून थांबलेली यादी यकृताबद्दल चुकीचे सांगते. यादीच्या माथ्यावर पेशी कोणती हे लिहिलेले असावे.

दहाव्या पायरीवरच्या पायरुव्हेट कायनेजला एटीपी आवरतो. यकृतातल्या आणि लाल रक्तपेशींतल्या प्रकाराला तिसऱ्या पायरीचे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट चेतवते. वरून माल सुटल्याची वर्दी ते खाली आधीच पोचवते आणि शेवटचे दार वेळेवर उघडते. यकृतातला प्रकार ग्लुकागॉनच्या हुकमाने मंदावतो, प्रौढ स्नायूतला तसा मंदावत नाही.

रक्ताची नळी

यादी बरोबर असेल तर एखादी पायरी अडल्यावर काय घडेल, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. रक्तातली साखर तपासणारी प्रयोगशाळा हे त्याचे रोजचे उदाहरण. शिरेतून काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीतही जिवंत असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. काहीही न घालता सामान्य तापमानाला ठेवलेल्या रक्तातले ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आकडा आला तर मधुमेहाचे निदान होते. एखाद्याची खरी साखर १३० असेल आणि नळी तासभर तशीच पडून राहिली, तर सहा टक्के घटीने आकडा १२२ येईल. माणूस मधुमेही असूनही अहवालात तसे दिसणार नाही.

हे टाळण्यासाठी साखरेचे रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असते. फ्लोराइड इनोलेजला बंद पाडते, आणि इनोलेज यादीत नवव्या क्रमांकावर आहे. यादीवर बोट ठेवून पाहिले तर अडचण लगेच दिसते. नववी पायरी अडली तरी पहिल्या आठ मोकळ्याच आहेत. त्या आठ पायऱ्यांचा एटीपीचा हिशेब केला तर पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर दोन खर्च होतात आणि सातव्या पायरीवर दोन मिळतात. जमा-खर्च बरोबरीत सुटतो, म्हणून ग्लुकोज आत घेण्याची क्रिया तत्काळ थांबत नाही. पायरुव्हेट मात्र तयार होत नाही, म्हणून लॅक्टेटच्या वाटेने एनएडी⁺ परत मिळत नाही. पेशीची इतर कामे एटीपी खातच असतात. हळूहळू दोन्हींची टंचाई होते आणि मगच पहिली पायरी बंद पडते.

प्रत्यक्षातही असेच दिसते. फ्लोराइड घातलेल्या रक्तातले ग्लुकोज पहिला तास-दोन तास घटत राहते आणि त्यानंतर स्थिरावते. त्यामुळे ज्या नळीत फ्लोराइडबरोबर सायट्रेटचे आम्लधर्मी मिश्रण असते, ती अधिक भरवशाची ठरते. आम्लता वाढली की हेक्सोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज लगेच थंडावतात, म्हणजे प्रवाह पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवरच अडतो. अशी नळी नसेल तर रक्त बर्फात ठेवून पेशी लवकर वेगळ्या करणे, हा उपाय उरतो.

दोन आजार, दोन पायऱ्या

लाल रक्तपेशीला एटीपी मिळवण्याचा ग्लायकोलिसिसखेरीज दुसरा मार्ग नाही. त्यामुळे यादीतल्या एखाद्या एन्झाइमची जन्मजात उणीव असली की तिचा फटका या पेशींना आधी बसतो. दहाव्या पायरीचे पायरुव्हेट कायनेज कमी असेल तर एटीपी घटतो, पेशीला आपल्या आवरणातून क्षारांची ने-आण नीट सांभाळता येत नाही, ती आक्रसते आणि प्लीहेत नष्ट होते. रुग्णाला दीर्घकालीन रक्तक्षय होतो, कावीळ दिसते. यकृतात तेच जनुक चालत असले तरी यकृताच्या पेशी नवे एन्झाइम बनवत राहतात. लाल पेशीला केंद्रकच नसल्याने ती सोय नाही. स्नायूतले पायरुव्हेट कायनेज दुसऱ्या जनुकापासून बनते, म्हणून ते शाबूत राहते.

या आजाराचे एक लक्षण यादीवरूनच समजते. लाल पेशीत सातव्या पायरीला एक वळसा आहे. त्या वाटेने १,३-बिसफॉस्फोग्लिसरेटपासून २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट बनते आणि मग ३-फॉस्फोग्लिसरेट होऊन मुख्य वाटेला मिळते. या वळशात एटीपी मिळत नाही. पण २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट हिमोग्लोबिनला चिकटून त्याला ऑक्सिजन सोडायला लावते. दहावी पायरी अडली की वरचे पदार्थ साचतात, त्यांत हेही वाढते आणि ऊतींना ऑक्सिजन सहज मिळतो. म्हणूनच पायरुव्हेट कायनेजची उणीव असलेले रुग्ण हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून वाटेल त्यापेक्षा बऱ्यापैकी वावरू शकतात. हेक्सोकायनेजची उणीव असेल तर याच्या उलट होते. पहिलीच पायरी मंद असल्याने खाली मालच येत नाही, २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट घटते, आणि तेवढ्याच हिमोग्लोबिनवर रुग्णाला अधिक थकवा जाणवतो.

निदानासाठी लाल पेशींतल्या पायरुव्हेट कायनेजची क्रियाशीलता मोजतात. त्याआधी नमुन्यातून पांढऱ्या पेशी काढून टाकाव्या लागतात, कारण त्यांच्यात याच एन्झाइमचा दुसरा प्रकार भरपूर असतो. त्या राहिल्या तर उणीव असूनही आकडा सामान्य दिसतो. उपचारातही यादीचा तोच रकाना कामी आला आहे. मिटापिव्हॅट हे औषध याच एन्झाइमला बांधून त्याची क्रिया वाढवते. अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

यादीच्या मर्यादा

सुरुवात कुठून धरली, यावर हिशेब बदलतो. स्नायूतल्या ग्लायकोजनपासून सुटणारे बहुतेक ग्लुकोज थेट फॉस्फेट घेऊनच बाहेर पडते आणि पहिल्या पायरीचा एटीपी वाचतो. तिथे दोनऐवजी तीन एटीपी उरतात. लाल पेशीत वळशाने गेलेला प्रत्येक रेणू एक एटीपी गमावतो, त्यामुळे तिथला प्रत्यक्ष लाभ दोनपेक्षा कमी असतो.

एका क्षणी पेशीतून किती ग्लुकोज वाहते, हे यादी सांगत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला म्हणजे वेग कळला, असे होत नाही. वेगासाठी प्रत्येक एन्झाइमचे प्रमाण आणि प्रत्येक पदार्थाची त्या घडीची मात्रा मोजावी लागते. एकदिशा पायऱ्यांवर नियंत्रण असते हेही पूर्ण सत्य नाही. ग्लुकोज पेशीत शिरण्याची वाट यादीच्या बाहेर आहे आणि स्नायूत इन्सुलिन आपला प्रभाव प्रथम तिथेच पाडते. म्हणून पहिल्या पायरीच्या वर ‘ग्लुकोज पेशीत येणे’ आणि दहाव्या पायरीच्या खाली ‘एनएडी⁺ परत मिळणे’ अशा दोन ओळी जोडलेली यादीच पूर्ण मानावी.